देवासची गोळी आणि तीन कसोट्या
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळातील बरीच मुले-मुली आज इंदूरमध्ये स्पर्धा परीक्षांची किंवा एमबीएची तयारी करत आहेत. त्यांच्या पेपरात नीतिशास्त्राचा एक प्रश्न हमखास येतो. पानभर प्रसंग दिलेला असतो: तुम्ही एका कंपनीत अधिकारी आहात, काहीतरी गैर चालल्याचे तुमच्या लक्षात येते, वरिष्ठ गप्प राहायला सांगतात, घरी आजारी वडील आणि कर्जाचा हप्ता आहे. मग विचारतात की उपयुक्ततावाद, हक्क आणि न्याय या तीन दृष्टींनी चर्चा करा आणि तुम्ही काय कराल ते सांगा. मुलांची तक्रार अशी की तिन्ही व्याख्या पाठ होतात, पण प्रसंगाला लावताना तिन्हींखाली तेच वाक्य तीनदा लिहिले जाते.

आम्ही काही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक नाही. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन सरकारी औषध भांडारात बसणारे माणूस आहोत. म्हणून उदाहरणही आमच्या ओळखीच्या क्षेत्रातले घेतो. ते काल्पनिक नाही, आणि त्यातला एक कारखाना येथून तासाभराच्या वाटेवर, देवासला आहे.

आधी प्रसंग नीट समजून घेऊ, कारण या प्रश्नांत निम्मे गुण तपशील नीट वाचण्यात असतात.

2004 साली रॅनबॅक्सी ही भारतातील अव्वल औषध कंपन्यांपैकी एक होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासनिसांनी हैदराबादेतील एका खासगी प्रयोगशाळेत या कंपनीच्या एड्सवरील औषधांच्या चाचण्यांच्या नोंदी पाहिल्या आणि त्या विश्वासार्ह नसल्याचे त्यांना आढळले. तेव्हा कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते राजिंदर कुमार. त्यांनी आपल्या हाताखालील अधिकारी दिनेश ठाकूर यांना काम दिले, की आपण जगभरच्या देशांत ज्या औषधांची नोंदणी केली आहे, त्या प्रत्येकाच्या मागे खरी चाचणी आहे की नाही हे शोधून काढा. ठाकूर यांनी काही आठवडे ते केले. देशामागून देश पाहिले, तर कुठे नोंदी अपुऱ्या, कुठे खोट्या, कुठे चाचणीच नाही. 2004 च्या अखेरीस कुमार यांनी हा अहवाल संचालक मंडळाच्या समितीपुढे ठेवला. खरे उत्तर मिळाले नाही. कुमार यांनी कंपनी सोडली. एप्रिल 2005 मध्ये ठाकूर यांनीही राजीनामा दिला आणि ऑगस्टमध्ये, नाव लपवून, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला लिहिले.

खोटे नेमके कोणत्या प्रकारचे होते, हे आम्हाला थोडे समजावून सांगावे लागेल. औषधाच्या वेष्टनावर जी मुदत छापतात, ती स्थिरता चाचणीवरून ठरते. गोळ्यांचे नमुने ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत ठेवतात. अमेरिकेसाठी साधारण 25 अंश सेल्सिअस आणि 60 टक्के आर्द्रता असते. मग 3 महिने, 6 महिने, 9 महिने, वर्ष, दीड वर्ष अशा टप्प्यांवर नमुना काढून बघतात की औषधाचा अंश किती उरला आणि किती अपद्रव्य तयार झाले. पुढे अमेरिकेच्या न्यायालयात जे मान्य करण्यात आले त्यानुसार, वेगवेगळ्या महिन्यांच्या म्हणून दाखवलेल्या काही चाचण्या प्रत्यक्षात एकाच दिवशी किंवा काही दिवसांच्या अंतराने केल्या होत्या, आणि काही नमुने मधल्या काळात फ्रीजमध्ये ठेवले होते. फ्रीजमध्ये दूध टिकते तसे औषधही टिकते. म्हणजे चाचणी केल्यासारखी दिसते, आकडाही खरा येतो, पण आपल्या मे महिन्यातल्या कपाटात ती गोळी काय होईल, हे त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही.

आता पहिली कसोटी. उपयुक्ततावाद म्हणजे पुष्कळांचे पुष्कळ सुख. बेंथम आणि मिल यांचे मत. मुले इथे पहिली चूक करतात ती ही, की कंपनीचा नफातोटा मांडतात आणि त्यालाच उपयुक्ततावाद म्हणतात. उपयुक्ततावादात ज्याला ज्याला झळ लागेल तो प्रत्येक जण मोजायचा असतो, आणि कंपनीचा मालकही त्यात एकच धरायचा असतो.

या प्रसंगात गप्प राहण्याच्या बाजूने उपयुक्ततावादी युक्तिवाद खरोखर तगडा आहे, आणि तो टाळून उत्तर लिहू नये. एड्सवरील तीन औषधांचा उपचार एके काळी माणशी वर्षाला 10 हजार डॉलरच्या घरात होता. 2001 साली सिप्ला या आपल्याच कंपनीने तो 350 डॉलरला देऊ केला. भारतीय स्वस्त औषधांनी आफ्रिकेत असंख्य माणसे जगली. मग एखादा वरिष्ठ म्हणेल, अहो, कागद थोडे इकडेतिकडे असतील, पण बोभाटा केलात तर सगळ्याच भारतीय औषधांवरचा विश्वास उडेल, गरिबांचे औषध बंद होईल, इथले हजारो कामगार घरी बसतील. गोळी थोडी कमी गुणाची असली तरी नसण्यापेक्षा बरी.

याला उत्तर भावनेने देता येत नाही. त्याच हिशेबात आणखी रकाने भरून द्यावे लागते. विषाणूवरील किंवा जिवाणूवरील औषधाचे असे असते, की ते अंगात कमी प्रमाणात गेले तर जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. मग चांगली गोळी आणून दिली तरी त्या रोग्याला लागू पडत नाही, आणि त्याच्यापासून ज्याला लागण होईल त्यालाही ती लागू पडत नाही. म्हणजे ‘थोडी कमी गुणाची’ गोळी ही ‘काहीच नाही’ आणि ‘चांगली’ यांच्या मधली पायरी नव्हे. काही रोगांत ती ‘काहीच नाही’च्याही खालची पायरी असते. दुसरा रकाना विश्वासाचा. खोटे आज उघडे झाले तर एका कंपनीचे नुकसान होते. दहा वर्षांनी झाले तर सगळ्या देशाच्या औषधांचे होते. हे दोन रकाने भरले की पारडे बोलण्याच्या बाजूला झुकते.

पण या कसोटीची मर्यादाही याच प्रसंगात दिसते. 2008 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने देवास आणि हिमाचलातील पांवटा साहिब या कारखान्यांच्या 30 हून अधिक औषधांची आयात थांबवली. तेव्हा तिथल्या प्रशासनानेच सांगितले होते, की कोणा रोग्याला अपाय झाल्याचा पुरावा आमच्याजवळ नाही आणि रोग्यांनी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. हे स्वाभाविक आहे. रक्तदाबाची गोळी अर्धी लागू पडली आणि चार वर्षांनी कोणाला झटका आला, तर त्या झटक्यावर गोळीचे नाव लिहिलेले नसते. जे नुकसान मोजता येत नाही, ते हिशेबात शून्य धरले जाते. म्हणून केवळ या कसोटीवर निर्णय सोडला, तर ज्याच्या हातात आकडे असतात तोच जिंकतो, आणि आकडे तर कंपनीच्याच हातात असतात.

लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त नेमके याच मतावर बोट ठेवले आहे. आधिभौतिक सुखवादाच्या प्रकरणात त्यांनी अमेरिकेतल्या एका शहराचा दाखला घेतला आहे. ट्रामगाडीची लोकांना फार गरज होती, परवानगीला वेळ लागत होता, म्हणून ट्रामच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली. पण प्रकरण उघडकीस आले, खटला झाला आणि त्याला शिक्षा झाली. पुष्कळांचे सुख तर वाढलेच होते, मग शिक्षा कशाची? केवळ बाह्य परिणाम मोजून चालत नाही, करणाऱ्याची बुद्धी पाहावी लागते, असे टिळकांचे म्हणणे. आजच्या व्यवसायनीतीच्या पुस्तकात शोभेल असा हा दाखला 1915 साली छापलेल्या मराठी ग्रंथात आहे. परीक्षेत तो जरूर लिहा.

दुसरी कसोटी हक्कांची. इथे परिणाम बाजूला ठेवायचे आणि विचारायचे, की कोणाचा कोणता हक्क मोडला आणि त्यामुळे कोणाचे कोणते कर्तव्य चुकले. ‘रुग्णांच्या हक्कांचे उल्लंघन झाले’ एवढे लिहून थांबू नका. हक्क लिहिला की त्याच्यासमोर कर्तव्य कोणाचे, हे लिहायलाच हवे.

रोगी दुकानातून गोळी घेतो तेव्हा ती तपासून घेऊ शकत नाही. भाजीवाल्याकडे भेंडी मोडून पाहता येते, गोळी मोडून काही कळत नाही. तो फक्त वेष्टनावर छापलेले वाचतो आणि त्यावर विसंबून आपल्या शरीरासंबंधी निर्णय घेतो. ते छापलेले खोटे असेल, तर त्याची संमती फसवून घेतली असे होते. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याच्या भाषेत, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरले. कांटची दुसरी चाचणीही इथे चपखल लागते. ‘चाचणी न करताच चाचणीचा निकाल लिहावा’ हा नियम सगळ्या कंपन्यांनी पाळला तर काय होईल? वेष्टनावरच्या छापील मजकुराला अर्थच उरणार नाही, आणि मग खोटे छापूनही काही फायदा होणार नाही. जो नियम सगळ्यांनी पाळला की स्वतःच कोसळतो, तो नीतीचा नियम होऊ शकत नाही. गोळी नंतर चांगली निघाली तरी या कसोटीवर दोष तसाच राहतो. पहिल्या आणि दुसऱ्या कसोटीतला खरा फरक हा आहे.

मात्र हक्क एकाच बाजूला नसतात. कंपनीलाही गुपित राखण्याचा हक्क आहे, आणि नोकराने नोकरी धरताना गोपनीयतेचे वचन दिलेले असते. इथे भेद करायला शिका. गोळी कशी बनवली, कोणते मिश्रण, किती तापमान, हे व्यापारी गुपित. ते बाहेर सांगणे हा विश्वासघात. पण जी चाचणी झालीच नाही ती झाली असे सांगणे, हे गुपित नव्हे. खोटे झाकण्यासाठी घेतलेले वचन बंधनकारक राहत नाही. आणि ठाकूर यांनी वर्तमानपत्राकडे न जाता नियामकाकडे जाणे, हे या भेदाला धरूनच होते, कारण नियामकाला ती कागदपत्रे पाहण्याचा अधिकार मुळातच आहे.

तिसरी कसोटी न्यायाची. इथे प्रश्न असा: फायदा कोणाच्या पदरी पडला आणि ओझे कोणाच्या डोक्यावर? ठाकूर यांनी जमवलेल्या माहितीत दिसले, की ज्या देशांत तपासणी ढिली, तिथल्या नोंदी जास्त बिघडलेल्या. म्हणजे ज्याच्याजवळ स्वतःचे रक्षण करण्याची साधने सगळ्यांत कमी, त्याच्याच माथी धोका सगळ्यांत जास्त. जॉन रॉल्स या अमेरिकन विचारवंताने 1971 साली एक युक्ती सांगितली. नियम ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पडदा टाका. पडदा उठल्यावर आपण कोण असू, हे कोणालाच ठाऊक नाही. आपण कंपनीचे संचालक असू, न्यू जर्सीतला विमाधारक रोगी असू, युगांडातली एड्सग्रस्त आई असू, की देवासच्या पाळीवरचा कामगार असू? हे न कळता ‘जिथे तपासणी कमी तिथे कमी चाचणी’ या नियमाला कोण हात वर करील?

आम्हाला वाटते, न्यायाच्या कसोटीत मुले एक गोष्ट हमखास विसरतात. ती म्हणजे नंतरचा न्याय, शिक्षेचा आणि भरपाईचा. 13 मे 2013 रोजी कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने सात गंभीर गुन्हे कबूल केले आणि एकूण 50 कोटी डॉलर भरायचे ठरले. 15 कोटी फौजदारी दंड व जप्तीचे, 35 कोटी दिवाणी दाव्याचे. ही दिवाणी रक्कम अमेरिकेचे केंद्र सरकार आणि तिथली राज्ये यांच्या पदरात पडली, कारण औषधाचे पैसे त्यांनी भरले होते. भारतातल्या किंवा आफ्रिकेतल्या रोग्याला त्या तडजोडीतून काही मिळाले नाही, आणि त्या खटल्यात आरोपी कंपनी होती, कोणी व्यक्ती नव्हती. देवासच्या ज्या साध्या कामगाराने प्रामाणिकपणे यंत्र चालवले, त्याच्या कारखान्याच्या नावाला मात्र कायमचा डाग लागला. शिक्षा झाली, पण योग्य माणसाला झाली का आणि भरपाई योग्य माणसाला मिळाली का, हे दोन प्रश्न उत्तरात वेगळे लिहा.

आता जागल्याकडे येऊ. हा शब्द आपला आहे. गावात रात्री जागून पहारा करणारा तो जागल्या. पण गावच्या जागल्याला गाव पोसत असे, कंपनीच्या जागल्याला कंपनी हाकलते, हा फरक आहे. त्यामुळे ‘प्रत्येकाने आवाज उठवलाच पाहिजे’ असे लिहिणे सोपे असले तरी ते खरे उत्तर नव्हे. रिचर्ड डी जॉर्ज या अमेरिकन अभ्यासकाने पाच अटी घालून दिल्या आहेत, आणि केसचा प्रश्न सोडवायला आमच्या मते त्याहून सोपे साधन नाही.

पहिली, लोकांना गंभीर हानीचा धोका हवा. दुसरी, आधी आपल्या वरिष्ठाला सांगितलेले हवे. तिसरी, तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्या आतल्या सगळ्या पायऱ्या, अगदी संचालक मंडळापर्यंत, चढून झालेल्या हव्यात. या तीन पुऱ्या झाल्या तर बाहेर बोलणे योग्य ठरते. म्हणजे बोलले तर दोष नाही. चौथी, कोणाही निःपक्ष माणसाला पटेल असा कागदोपत्री पुरावा हाती हवा. पाचवी, बोलल्याने खरोखर काही बदलेल आणि पत्करलेल्या धोक्याचे चीज होईल, अशी सयुक्तिक आशा हवी. या दोनही पुऱ्या झाल्या तर बोलणे हे कर्तव्य होते. ‘योग्य’ आणि ‘कर्तव्य’ यांतला हा फरक फार मोलाचा आहे. ज्याच्याजवळ नुसती कुणकुण आहे, पुरावा नाही, त्याने संसार पणाला लावावा असे नीती म्हणत नाही.

ठाकूर यांना लावून पाहा. धोका गंभीर. वरिष्ठानेच काम दिले होते, म्हणजे दुसरी अट पूर्ण. समितीपुढे अहवाल गेला होता, तिसरी पूर्ण. पुरावा तर त्यांनी स्वतःच तक्त्यात मांडला होता, चौथी पूर्ण. पाचवी मात्र अर्धवट. दुसऱ्या देशाच्या खात्याला निनावी पत्र लिहून काय होईल, हे 2005 साली कोणाला ठाऊक होते? आयातबंदीलाच तीन वर्षे लागली, कबुलीला आठ. आमचे मत असे, की त्यांचे बोलणे योग्य होतेच, पण ते त्यांचे बंधनकारक कर्तव्य होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. जिथे कर्तव्य संपते तिथून पुढे ते चालले, म्हणून त्यांचे मोल.

यावर एक आक्षेप हमखास येतो. अमेरिकेच्या कायद्यात सरकारची फसवणूक उघड करणाऱ्याला वसुलीतला वाटा मिळतो. ठाकूर यांना सुमारे 4 कोटी 86 लाख डॉलर मिळाले. मग हा स्वार्थ नव्हे का? इथे तिन्ही कसोट्या तीन उत्तरे देतात. उपयुक्ततावाद म्हणतो, हेतू काहीही असो, बक्षिसामुळे आणखी लोक बोलतील, चांगलेच. कांट हेतू विचारील. पण 2005 चे पत्र आधी आणि वाट्याचा दावा 2007 चा, हा क्रम त्यालाही पाहावा लागेल. न्याय म्हणतो, ज्याची नोकरी गेली आणि इतकी वर्षे ज्याने जीव मुठीत धरून काढली, त्याची ही भरपाई आहे. उत्तरात असा जिथे तिघांत मतभेद होतो तो मुद्दा शोधून लिहिलात, की तपासणाऱ्याला कळते की या मुलाला दृष्टिकोन समजले आहेत.

आपल्याकडचा कायदाही ठाऊक असू द्या. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 साली संमत झाला, पण तो सार्वजनिक सेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे; खासगी कंपनीतल्या माणसाला त्याचा आधार नाही. त्याच्यासाठी 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 177 आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने तक्रारीची व्यवस्था ठेवायची आणि विशेष प्रसंगी थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे जाण्याची मुभा द्यायची, असे ते सांगते. म्हणजे डी जॉर्ज यांची तिसरी पायरी आता कायद्यातच आहे. आणि औषधाच्या बाबतीत 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे कलम 26 प्रत्येक ग्राहकाला अधिकार देते, की विकत घेतलेले औषध ठरलेले शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यावे. गोळी भिजल्यासारखी, रंग बदललेली, चुरा होणारी दिसली तर ती फेकू नका. वेष्टन, बॅच क्रमांक आणि दुकानाचे बिल जपून ठेवा आणि औषध निरीक्षकाला दाखवा. बॅच क्रमांक नसेल तर आमच्यासारख्यांना पुढे काहीच करता येत नाही.

शेवटी परीक्षेपुरते. आधी चार ओळींत तथ्ये, मग कोणाकोणाला झळ लागते त्यांची यादी, मग तीन कसोट्या, मग त्या कुठे जुळतात आणि कुठे फुटतात, आणि मग निर्णय पायरीपायरीने: आज काय लिहून ठेवाल, उद्या कोणाला सांगाल, किती दिवस वाट पाहाल आणि त्यानंतर कोणाच्या दारी जाल. ‘मी राजीनामा देईन’ हे उत्तर बहुतेक वेळा अपुरे असते. राजीनाम्याने तुमचे हात स्वच्छ राहतात, पण गोळी दुकानातच राहते.